‘आधीचं का मोडलं?’ असं मॅचने विचारलं तर किती सांगायचं?

सायसाखर

नमस्कार मंडळी. वय ३२, पुण्यात नोकरी. ॲपवर एकाशी मॅच झालं, मूळचा नाशिकचा, सध्या पुण्यातच. दोघांच्याही प्रोफाइलवर ‘लग्नाच्या दृष्टीने’ असंच लिहिलंय. तीन आठवडे बरं बोलणं चाललंय, या शनिवारी पहिल्यांदा भेटतोय. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: ‘एक विचारू? तुझं आधीचं रिलेशन का संपलं? आणि कोणी संपवलं?’

माझं उत्तर एका ओळीचं नाही, अडचण तिथेच आहे. चार वर्षांचं नातं होतं. शेवटचं दीड वर्ष बाणेरला एकत्र राहिलो. जात वेगळी, त्यामुळे त्याच्या घरी सांगणं पुढे पुढे ढकललं जात होतं. आधी बहिणीचं लग्न, मग आईचं आजारपण. एक दिवस त्याच्या मावसबहिणीच्या स्टेटसवर फोटो दिसला. हा पठ्ठ्या कोल्हापुरात पोह्यांची बशी घेऊन बसलाय, समोर साडीतली मुलगी. मला सांगून गेला होता ऑफिसच्या कामासाठी. मी संपवलं. त्याला दोन वर्षं झाली.

‘जमलं नाही’ लिहिलं तर खोटं वाटतं. सगळं लिहिलं तर आधीच्याची तक्रारवही उघडल्यासारखं. अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगता, किती सांगता, कधी सांगता?

तिरकस

‘त्याला पोहे आवडायचे, मला उपमा.’ पाठवून दे. हसला तर शनिवारी भेट.

सदूभाऊ

ताई, माझं वय साठीच्या पुढे आहे, तेव्हा स्पष्ट बोलतो. काहीही सांगू नका. पुरुषाची जात आहे, आज ‘मी मोकळ्या मनाचा आहे’ म्हणेल आणि लग्नानंतर पहिल्या भांडणात हेच काढेल. ‘होतं एक, घरच्यांना पसंत नव्हतं, संपलं’ एवढं बास. लिहून तर अजिबात देऊ नका. माझ्या भाचीने असंच मन मोकळं करून चॅटवर लिहिलं. ते स्थळ तर गेलंच, वर तो स्क्रीनशॉट फिरत फिरत तिच्या काकूच्या मोबाइलवर आला.

रेवदंडा

सायसाखर, तुझं लिखाण वाचून वाटतं तू अजून त्याच्यात अडकली आहेस. चार वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. तो आईच्या दबावाखाली असेल. एकदा शांतपणे भेटून बोलून बघ ना, कदाचित त्यालाही पश्चात्ताप होत असेल.

सायसाखर

@रेवदंडा, नाही हो, तो प्रश्नच नाहीये. त्याचं लग्न झालंय आणि मला ते ऐकून रात्रीची झोप छान लागली. प्रश्न नवीन माणसाला काय सांगायचं हा आहे.

कडीकोयंडा

मी विवाहपूर्व समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो आणि बहुतेक वेळा भेट होऊन गेल्यावर, काहीतरी बिनसल्यावर येतो. तुझ्या बाबतीत अजून भेटच व्हायची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘का संपलं’ विचारणाऱ्याला कारणात फारसा रस नसतो. त्याला तीन गोष्टी चाचपायच्या असतात. ते खरंच संपलंय का? जे तेव्हा झालं ते माझ्या बाबतीत होईल का? आणि ही बाई निघून गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलते, म्हणजे उद्या माझ्याबद्दल कसं बोलेल? तुझ्या उत्तरातून या तिन्हींचा अंदाज आला की तो पुढे खोदत नाही. ‘जमलं नाही’ मध्ये यातलं काहीच कळत नाही, म्हणून त्यावर पुढचे दहा प्रश्न येतात. सगळं सांगितलं तर तिसऱ्याचं उत्तर चुकीचं जातं, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात पोह्यांची बशी राहते आणि तू राहून जातेस.

सदूभाऊंचं अर्धं बरोबर आहे. चॅटवर लिहू नये. स्क्रीनशॉट हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे मजकुराला आवाज नसतो. तू शांतपणे लिहिलेलं ‘त्याने मला सांगितलं नाही’ समोरचा रात्री साडेअकराला चिडलेल्या आवाजात वाचतो. पण गप्प बसणं वेगळं आणि भेटीवर टाकणं वेगळं. आत्ता थोडं सांग आणि बाकीचं शनिवारवर ठेव. ‘विचारलंस ते बरं केलंस. चार वर्षांचं होतं, दोन वर्षांपूर्वी मी संपवलं. का, ते टाइप करण्यासारखं नाही, शनिवारी सांगते. तुझंही ऐकेन.’ यात त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे, त्यामुळे टाळाटाळ वाटत नाही. आणि शेवटच्या वाक्याने चेंडू दोघांच्या अंगणात राहतो. ते वाक्य गाळू नकोस.

यावर तो काय करतो ते बघ. ‘ओके, शनिवारी बोलू’ म्हणाला तर उत्तम. ‘नाही, आत्ताच सांग, काय लपवतेस?’ म्हणाला तर शनिवारच्या आधीच बरंच कळलं.

सायसाखर

@कडीकोयंडा, खूप आभार. तसाच मेसेज पाठवला. ‘ठीक, शनिवारी. माझंही सांगतो, तसं फार नाही’ असं आलं. आता शनिवारसाठी मी मनाशी जुळवलेलं इथे टाकते, निर्दयपणे तपासा:

‘आम्ही चार वर्षं एकत्र होतो, शेवटचं दीड वर्ष एका घरात. त्याला आईला दुखवायचं नव्हतं म्हणून तो मला दुखवत राहिला. शेवटी माझ्याशी खोटं बोलून कोल्हापूरला मुलगी बघून आला आणि मला ते बहिणीच्या स्टेटसवरून कळलं. त्याला डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, मी खूप समजून घेतलं. कदाचित मीही थोडी पझेसिव्ह होते. पण आता मी त्यातून पूर्णपणे बाहेर आले आहे.’

खिडकीतला

एका मुलाच्या बाजूने सांगतो, कारण हा प्रश्न मी स्वतः विचारतो. गोळ्यांचा उल्लेख वाचला आणि माझं लक्ष तिथेच गेलं. म्हणजे ‘हिच्याशी बिनसलं तर माझ्या गोळ्याही चौथ्या माणसाला कळणार’ हा पहिला विचार. बाकी वाक्यं ठीक आहेत.

‘कोणी संपवलं’ हे का विचारतात तेही सांगतो. ज्याला सोडून दिलं गेलंय तो अजून वाट बघत असेल अशी भीती असते. तू संपवलंस हे कळलं की निम्मी भीती जाते.

कडीकोयंडा

खिडकीतला, गोळ्यांचं अगदी नेमकं. ती गोष्ट सायसाखरची नाहीच, त्या माणसाची आहे. आजार, औषधं, त्याचं कर्ज, त्याच्या घरातली भानगड, यातलं काहीही नातं मोडण्याचं थेट कारण नसेल तर आपल्या उत्तरात येऊ नये. इथे कारण गोळ्या नाहीत. कारण लपवून स्थळं बघणं आहे. नाव, कंपनी, इन्स्टाचं पान हेही नाही. समोरच्याने ‘दाखव ना कसा होता’ म्हटलं तरी नाही.

आता बाकीचं. ‘आईला दुखवायचं नव्हतं म्हणून मला’ हे वाक्य फार घोटून घेतलेलं वाटतं. मैत्रिणींना सांगून सांगून त्याला धार आली आहे आणि ती ऐकणाऱ्याला जाणवते. काढ.

‘खूप समजून घेतलं’ काढ, ते त्याला ठरवू दे.

‘मीही पझेसिव्ह होते’ हे तू खरंच होतीस का? माझ्याकडे येणाऱ्या मुली समतोल दिसावा म्हणून असा एखादा दोष अंगाला लावून घेतात. त्याची गरज नाही. समोरचा ते लक्षात ठेवतो आणि सहा महिन्यांनी तू सहज ‘कुठे होतास?’ विचारलंस की म्हणतो, बघ, तूच म्हणाली होतीस.

आणि ‘पूर्णपणे बाहेर आले’ हा दावा आहे, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी घडलेलं सांग. घर सोडलं, डिपॉझिट वाटून घेतलं, नंबर नाही, त्याचं लग्न झालं.

मी असं म्हणेन: ‘चार वर्षांचं नातं होतं. त्याला घरी सांगणं जमत नव्हतं, मी थांबले होते. मग कळलं की मला न सांगता तो स्थळं बघतोय, तेव्हा मी संपवलं. त्याला दोन वर्षं झाली, आता संपर्क नाही. म्हणून मी आता हे लवकर विचारते, आपलं जुळलं तर तुझ्या घरी माझ्याबद्दल कधी सांगशील?’

बोलायला अर्धा मिनिट लागतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुझी जात त्याच्याहून वेगळी असेल तर ही गोष्ट पुन्हा घडू शकते आणि त्याचं उत्तर तुला त्याच्याइतकंच हवंय. कोल्हापूर आणि स्टेटस नंतर कधीतरी, हसता येईल तेव्हा.

निळीशाई

विषय निघालाच आहे तर माझंही विचारते. माझं लग्न अकरा महिने टिकलं. परस्परसंमतीने घटस्फोट झाला, निकाल हातात आहे. मूल नाही. आई म्हणते प्रोफाइलवर ‘अविवाहित’च टाक, एवढ्याशा लग्नाला काय धरून बसायचं, नंतर आवडलीस की सांगता येईल. मॅच ‘आधीचं काय?’ विचारतात तेव्हा मी ‘एक सिरियस रिलेशन होतं’ म्हणते. ते खोटं नाही ना?

सदूभाऊ

बरोबर आहे आईचं. निकाल लागला की लग्न संपलं. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा अविवाहितच.

तारीख_पे_तारीख

सदूभाऊ, हे साफ चुकीचं आहे आणि महागात पडणारं आहे. निकालानंतर पुन्हा लग्न करायला मोकळं होणं आणि अविवाहित असणं या दोन गोष्टी आहेत. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायला गेलात तर नोटिशीच्या नमुन्यातच आधीची स्थिती विचारतात. तिथे घटस्फोटितच लिहावं लागतं आणि निकालाची प्रत जोडावी लागते. म्हणजे नवऱ्याला ते नोंदणीच्या टेबलावर कळणार.

वैदिक पद्धतीने करून ते टाळलंत तर आणखी वाईट. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२. समोरच्याची संमती महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली असेल तर तो विवाह रद्द करून मागू शकतो. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावर राजीखुशीने एकत्र नांदले असतील तर मग नाही. आधीचं लग्न लपवल्याचे खटले याच कलमाखाली चालतात. ‘सिरियस रिलेशन होतं’ हे वाक्य तेव्हा चॅटमध्ये पुरावा म्हणून येईल.

सायसाखरच्या प्रकरणात मात्र यातलं काही लागू नाही. लग्न झालेलंच नाही. आधीचं प्रेम किंवा एकत्र राहणं सांगितलंच पाहिजे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तिथे प्रश्न शहाणपणाचा आहे.

निळीशाई

@तारीख, धन्यवाद. आईला वाचून दाखवलं. ‘वकील घाबरवतातच’ म्हणाली. प्रोफाइल बदलतेय. पण मग कमी विनंत्या येणार हे नक्की.

कडीकोयंडा

निळीशाई, कमी येतील. पण ज्या येतील त्या ‘घटस्फोटित’ वाचून आलेल्या असतील, म्हणजे तिसऱ्या भेटीत तो बॉम्ब टाकायचं ओझं तुझ्यावर राहणार नाही. विचारलं की ‘अकरा महिन्यांचं लग्न, परस्परसंमतीने संपलं, निकाल झालाय, मूल नाही, देणंघेणं बाकी नाही’ एवढं आधी. कारण दुसऱ्या बैठकीत.

ओसरी

सगळ्यांनी एक गोष्ट उडवून लावली. कडीकोयंडा यांनी जुळवलेल्या उत्तरात एकत्र राहण्याचा उल्लेखच नाही. सायसाखरने स्वतः तो पहिल्या वाक्यात घातला होता. गाळणं हेही लपवणंच झालं की. मी मुलगा असतो आणि मला हे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर चिडलो असतो. एकत्र राहण्याबद्दल काही नाही, उशिरा कळण्याबद्दल.

खिडकीतला

उलट मी म्हणतो पहिल्या भेटीत ते सांगणं अंगावर येतं. कॉफी यायच्या आधी समोरच्याच्या डोक्यात एक फ्लॅट, एक बेडरूम उभी राहते. थोडी ओळख होऊ दे.

सदूभाऊ

मी अजूनही म्हणतो, सांगूच नका. कोणाला कळणार आहे?

कडीकोयंडा

सदूभाऊ, कळतं. रजिस्टर भाडेकरारावर दोघांची नावं असतात, सोसायटीतल्या बायका ओळखतात, ऑफिसातले लोक घरी जेवून गेलेले असतात. शिवाय लग्नाआधी चौकशी करून देणाऱ्या एजन्सी पुण्या-मुंबईत पैशाला पासरी आहेत आणि मुलाकडचे त्यांना खरंच पैसे देतात.

ओसरी यांचा मुद्दा मला मान्य आहे, वेळेबद्दल मतभेद आहे. माझ्याकडची रेघ अशी: दोन्ही घरं एकमेकांना भेटायच्या आधी, फक्त त्या दोघांत. त्याआधी त्याने सरळ ‘एकत्र राहत होतात का?’ विचारलं तर ‘हो’. तिथे शब्द फिरवायचे नाहीत. पण त्याच्या पुढचे, किती वेळा, कुठे, आणखी कोणी, असे प्रश्न यायला लागले तर ‘हे मी कोणालाच सांगत नाही’ म्हणायचा हक्क आहे. आणि तेच प्रश्न दुसऱ्या भेटीतही आले तर तो उत्तर शोधत नसतो, हजेरी घेत असतो.

ही रेघ सगळ्यांना पटत नाही. माझ्या सहकारी बाईच म्हणतात की पहिल्याच भेटीत सांगून टाकावं, ज्याला नको तो तिथेच गळतो आणि तुझे दोन महिने वाचतात. त्यांच्याकडे तसं करून सुखी झालेल्या जोड्या आहेत, माझ्याकडे माझ्या आहेत.

तिरकस

शनिवार होऊन गेला. सायसाखर, कुठे आहेस? लोक नाश्ता सोडून बसलेत.

सायसाखर

आले, आले. कर्वे रोडला भेटलो. त्यानेच विषय काढला, ऑर्डर दिल्यादिल्या. मी जवळपास कडीकोयंडांच्या शब्दांतच सांगितलं, फक्त ‘मी थांबले होते’ म्हणताना आवाज जरा चढला. त्याने मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, ‘एकत्र राहायचात?’ मी ‘हो, दीड वर्ष’ म्हणाले. तो दोन घोट शांत होता. मग ‘बरं’ म्हणाला आणि विचारलं की भाडं कोण भरायचं! मी म्हटलं निम्मंनिम्मं. तो म्हणाला, चांगलं आहे.

घरी कधी सांगशील या प्रश्नाला उत्तर आलं, ‘आईला तुझ्याबद्दल माहितेय, जातीचं अजून सांगितलेलं नाही.’ निदान खरं बोलला.

मग मी त्याचं विचारलं. इथे मी जरा अडकले आहे. म्हणाला, ‘एक होती, तिला परदेशात जायचं होतं, मग आपोआप संपलं.’ मी विचारलं, कधी? ‘झाले काही महिने.’ कोणी संपवलं? ‘असं कोणी नाही, दोघांनी.’ बोलता का अजून? ‘वाढदिवसाला वगैरे.’ आणि पटकन मेन्यू बघायला लागला. मला इतके दिवस वाटत होतं की उत्तर देणं अवघड आहे ते माझं.

खिडकीतला

‘आपोआप संपलं’ आणि ‘काही महिने’. ज्याने तुला रात्री साडेअकराला ‘कोणी संपवलं?’ विचारलं, त्याच्याकडे स्वतःचं याहून बरं उत्तर हवं होतं.

ओसरी

इतकं कडक होऊ नका. काहींना बोलताच येत नाही. माझा नवराही लग्नाआधी असाच तुटक बोलायचा, मागचं लफडं काही नव्हतं, लाजाळू होता.

कडीकोयंडा

दोन्ही शक्य आहे आणि एका भेटीवरून मी सांगू शकणार नाही. पण तुझ्याकडे नेमका प्रश्न आहे. ती गेली कधी आणि संपलं कधी, या दोन तारखा विचार. ती गेल्यावर सहा महिने लांबून चालू राहून मग थंडावलं असेल तर तसं सांगता येतं, लाजाळू माणसालाही. ती मागच्या महिन्यात गेली असेल तर तो अजून विमानतळावरच उभा आहे. चॅटवर विचारू नकोस, फोन कर.

सायसाखर

आज रात्री करते. आणि आईला जातीचं कधी सांगणार, तेही विचारणार आहे, तारखेसकट.

सदूभाऊ

तारखेसकट विचाराल तर पळून जाईल हो.

तिरकस

मग उरलेले पोहे आम्ही खाऊ.